बँड दिसतो, आकार काढावा लागतो

जैवतंत्रज्ञानाच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: ‘दुसऱ्या लेनमध्ये ३५०८ बेस पेअरचा बँड दिसला.’ वाक्य नीटनेटकं आहे, आकडा नेमका आहे, आणि तरीही ते खरं नाही. जेलवर ३५०८ हा आकडा कुणालाच दिसत नाही. दिसते ती एक उजळ आडवी रेघ, खाचेपासून काही मिलिमीटर खाली. आकडा नंतर येतो, शेजारच्या लेनमधल्या ओळखीच्या रेघांशी तुलना करून, आलेखावरून. म्हणजे पाहिलेली गोष्ट एक आणि तिच्यावरून काढलेली दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या की वाचणाऱ्याला कशावर किती विसंबायचं ते कळेनासं होतं. रेण्वीय जीवशास्त्राच्या अहवालात जेलचं वर्णन कसं करावं, हा प्रश्न बहुतांशी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचाच आहे.

आधी जेलवर काय घडतं ते पाहू. अ‍ॅगरोज ही समुद्री शैवालापासून मिळणारी पांढरी भुकटी. शंभर मिलिलिटर बफरमध्ये ०.८ ग्रॅम घालून उकळली आणि साच्यात ओतली, की अर्ध्या तासात खरवसासारखी थरथरती, अर्धपारदर्शक वडी तयार होते. ओतताना एका टोकाला लावलेला कंगवा काढून घेतला की खाचा उरतात. त्या खाचांत डीएनएचे नमुने भरायचे आणि वडी बफरमध्ये बुडवून वीजप्रवाह सोडायचा. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो. जेलच्या आत अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी असते. आखूड तुकडे तिच्यातून चटकन निसटतात, लांब तुकडे अडखळत जातात. तास-दोन तासांत लांबीप्रमाणे त्यांची पांगापांग होते. एकाच लांबीचे कोट्यवधी तुकडे एकाच जागी येतात. इथिडियम ब्रोमाइडसारखा रंग डीएनएत शिरून अतिनील प्रकाशात चमकतो आणि ती जागा रेघेसारखी दिसते. तोच बँड. कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या शार्प, सग्डेन आणि सॅमब्रुक यांनी १९७३ साली अ‍ॅगरोज आणि इथिडियम ब्रोमाइडची ही जोडी वापरून दाखवली. आजही पद्धत तीच आहे. फक्त इथिडियम ब्रोमाइड डीएनएला अपाय करू शकणारं रसायन असल्यामुळे अनेक प्रयोगशाळा त्याऐवजी कमी धोक्याचे रंग वापरतात.

आता बँड दिसला, पण तो केवढ्या तुकड्याचा? जेल हे सांगत नाही. तुकडा किती सरकला हे अ‍ॅगरोजच्या प्रमाणावर, व्होल्टेजवर, वेळेवर, बफरवर आणि तापमानावर अवलंबून असतं. काल ४० मिलिमीटरवर आलेला तुकडा आज ४४ वर येईल. म्हणून प्रत्येक जेलवर एका लेनमध्ये लांबी ठाऊक असलेल्या तुकड्यांचं मिश्रण चालवतात. त्यालाच लॅडर किंवा मार्कर म्हणतात. लॅडर आणि नमुना एकाच वडीतून, एकाच वेळी, एकाच प्रवाहाखाली गेलेले असतात, म्हणून त्यांची तुलना चालते. दुसऱ्या जेलवरच्या लॅडरशी केलेली तुलना चालत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. लॅम्डा हा ई. कोलाय जिवाणूत वाढणारा विषाणू. त्याचा डीएनए अभ्यासक्रमातल्या प्रयोगांत नेहमी असतो, कारण तो विकत सहज मिळतो आणि त्याचा संपूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची लांबी ४८,५०२ बेस पेअर. हिंड थ्री हे एन्झाइम हा डीएनए सात ठिकाणी कापतं आणि आठ तुकडे करतं: २३,१३०, ९,४१६, ६,५५७, ४,३६१, २,३२२, २,०२७, ५६४ आणि १२५ बेस पेअरचे. क्रम पूर्ण ठाऊक असल्यामुळे हे आकडे मोजलेले नाहीत, अक्षरं गणून मिळालेले आहेत. म्हणूनच हे मिश्रण मार्कर म्हणून वापरता येतं. आपला नमुना आहे तोच लॅम्डा डीएनए, पण इको आर वन या दुसऱ्या एन्झाइमने कापलेला. किती तुकडे झाले आणि ते केवढे, हे जेलवरून काढायचं आहे. उत्तर पुस्तकात आहे, ते थोडा वेळ झाकून ठेवू.

पहिल्या लेनमध्ये हिंड थ्री मार्कर, दुसरीत नमुना, दोन्हींत ५०० नॅनोग्रॅम डीएनए. जेल ०.८ टक्के, दर सेंटिमीटरला पाच व्होल्ट. निळा रंग जेलच्या खालच्या टोकाजवळ आला की प्रवाह बंद. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, म्हणजे नंतर मोजता येतं.

मोजायचं कुठून कुठपर्यंत, हे आधी ठरवावं लागतं आणि मग सगळीकडे तेच पाळावं लागतं. खाचेच्या पुढच्या कडेपासून बँडच्या मध्यापर्यंत, असं धरू. मार्करचे बँड मिळाले १७, २५, ३०, ३७, ५० आणि ५३ मिलिमीटरवर, आणि ८१ वर एक इतका फिकट की पडदा टेकून पाहावा लागला. म्हणजे दिसले सात, तुकडे तर आठ. आठवा कुठे गेला?

याचं उत्तर बँडच्या तेजात आहे. आठही तुकडे संख्येने सारखे असतात, कारण प्रत्येक लॅम्डा रेणूतून प्रत्येकी एक निघतो. पण रंग डीएनएच्या वजनाला लागतो, तुकड्यांच्या संख्येला नाही. ५०० नॅनोग्रॅममधले सुमारे २४० एकट्या २३,१३० च्या तुकड्यात असतात. ५६४ च्या वाट्याला जेमतेम सहा येतात आणि १२५ च्या वाट्याला एकच्या आसपास. इतका कमी डीएनए पसरट बँडमध्ये दिसतच नाही. म्हणून ‘१२५ चा तुकडा नव्हता’ असं अहवालात लिहिणं चूक आहे. तो दिसला नाही, इतकंच लिहावं. हे तेजाचं गणित लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे: एकाच लेनमध्ये, सगळे तुकडे सारख्या संख्येने असतील, तर वरून खाली बँड क्रमाने फिके होत गेले पाहिजेत.

नमुन्याच्या लेनमध्ये पाच बँड आहेत: १७.५, २८, ३२.५, ३५ आणि ४१.५ मिलिमीटरवर. तिसरा बँड इतरांपेक्षा जाड आहे. हेही आत्ताच नोंदवायचं, अर्थ लावायचा नाही.

आता आकार. इथे बहुतेक विद्यार्थी पहिली घसरण अनुभवतात. शेवटचा बँड ४१.५ वर आहे, म्हणजे मार्करच्या ४,३६१ (३७ मिलिमीटर) आणि २,३२२ (५० मिलिमीटर) यांच्यामध्ये. मग सरळ प्रमाण लावून १३ मिलिमीटरमध्ये २,०३९ बेस पेअर, म्हणून साडेचार मिलिमीटरला सुमारे ७०६ आणि उत्तर ३,६५५ असं काढलं जातं. पण जेलवर अंतर लांबीच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. याच मार्करकडे पाहा. वरच्या दोन बँडमध्ये आठ मिलिमीटरचं अंतर आहे आणि लांबीतला फरक १३,७१४ बेस पेअरचा. खालच्या २,३२२ आणि २,०२७ मध्ये तीन मिलिमीटर आहेत आणि फरक फक्त २९५ चा. लांबीच्या लॉगरिदमच्या बाबतीत मात्र अंतर पुष्कळसं सरळ वागतं. म्हणून आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर लांबीचा लॉग घ्यायचा. सेमीलॉग कागद असेल तर लॉग काढण्याचीही गरज नाही. कागदाच्या रेघाच तशा आखलेल्या असतात.

४,३६१ चा लॉग ३.६४०, २,३२२ चा ३.३६६. फरक ०.२७४, तो १३ मिलिमीटरमध्ये पसरलेला, म्हणजे मिलिमीटरला ०.०२१. साडेचार मिलिमीटरला ०.०९५. ३.६४० मधून ते वजा केले की ३.५४५ उरतात, आणि ज्याचा लॉग ३.५४५ आहे ती संख्या ३,५०८. सुरुवातीच्या वाक्यातला ३५०८ असाच आलेला आहे. कॅल्क्युलेटरने चार आकडे दिले म्हणून ते चारही जेलने दिले असं होत नाही.

मग जेलने किती दिले? बँडला जाडी असते. त्याचा मध्य अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारकाईने सांगणं पट्टीने कठीण आहे. या भागात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर लांबी सुमारे अडीच टक्क्यांनी बदलते, म्हणजे ८५-९० बेस पेअरनी. तेव्हा प्रामाणिक आकडा ‘सुमारे ३.५ किलोबेस’. त्यापुढचा शून्य आणि आठ हा गणिताचा गाळ आहे. याच रीतीने दुसरा बँड सुमारे ७.६, तिसरा ५.७ आणि चौथा ४.९ किलोबेसचा निघतो.

पहिला बँड वेगळाच आहे. १७.५ मिलिमीटरवर तो मार्करच्या सगळ्यात वरच्या बँडला जवळजवळ चिकटून आहे. आकडेमोड केली तर २२ किलोबेसच्या आसपास येतं, पण इथे अर्ध्या मिलिमीटरची चूक सहा टक्के पडते, म्हणजे सव्वा किलोबेसच्या पुढे. शिवाय इथे लॉगचा आलेखही सरळ राहत नाही. फार लांब तुकडे जाळीतून लांबट होऊन, सापासारखे सरपटत जातात, आणि मग लांबी वाढली तरी वेग फारसा घटत नाही. ०.८ टक्के जेलवर १० किलोबेसच्या वर सगळे तुकडे वरच्या भागात दाटीवाटीने बसतात. म्हणून अहवालात ‘सुमारे २० किलोबेस किंवा अधिक, मार्करच्या सर्वांत मोठ्या बँडच्या किंचित खाली’ असं लिहिणं मला योग्य वाटतं. मार्करच्या सर्वांत मोठ्या बँडच्याही वर असलेल्या बँडला तर आकडा देऊच नये. आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला आकार म्हणजे मोजमाप नव्हे.

पाच बँड, पाच आकार. बरेचसे अहवाल इथेच संपतात. पण आपल्याला एक गोष्ट आधीपासून ठाऊक आहे: लॅम्डाची एकूण लांबी साडेअठ्ठेचाळीस किलोबेस आहे, आणि तुकड्यांची बेरीज तेवढी भरलीच पाहिजे. २२, ७.६, ५.७, ४.९ आणि ३.५ मिळून होतात ४३.७. जवळजवळ पाच किलोबेस कमी. मोठ्या बँडच्या अनिश्चिततेने एखाद-दीड किलोबेसचा फरक पडेल, पाचाचा नाही. काहीतरी हरवलं आहे. एखादा लहानसा तुकडा खाली वाहून गेला असावा, असं म्हणावं तर पाच किलोबेसचा तुकडा लहान नाही. तो जेलवर असलाच पाहिजे, आणि वेगळा दिसत नाही याचा अर्थ तो दुसऱ्या कुठल्या तरी बँडच्या आत आहे.

कुठल्या? इथे तेज कामाला येतं. वरून खाली बँड फिके होत जायला हवेत. या लेनमध्ये ५.७ चा बँड ७.६ च्या बँडपेक्षा उजळ आहे. लहान तुकडा मोठ्यापेक्षा उजळ असणं, तेही एकाच रेणूपासून निघालेल्या तुकड्यांत, एकट्याने शक्य नाही. दोन तुकडे एकावर एक बसले असतील तरच ते जमतं. जाड दिसणारा तिसरा बँड जोडबँड आहे.

आता झाकलेलं उत्तर उघडू. इको आर वन लॅम्डाला पाच ठिकाणी कापतं आणि सहा तुकडे होतात: २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८ आणि ३,५३०. मधले ५,८०४ आणि ५,६४३ यांच्यात अवघा १६१ बेस पेअरचा फरक आहे आणि या जेलवर तो अर्ध्या मिलिमीटरचा भरतो. दोन्हींचं मिळून वजन ५०० नॅनोग्रॅमपैकी सुमारे ११८, तर ७,४२१ चं ७६ च्या आसपास. तेजाची साक्ष खरी होती. जेल लांब घेतली, अ‍ॅगरोज थोडं कमी केलं आणि कमी व्होल्टेजवर रात्रभर चालवली, तर हे दोन बँड सुटे होताना दिसतात. आपले बाकीचे अंदाजही खऱ्या आकड्यांच्या चार टक्क्यांत आले आहेत; साध्या पट्टीने याहून जास्त मागू नये.

बेरजेचा पडताळा उलट बाजूनेही बोलतो. बेरीज साडेअठ्ठेचाळीसपेक्षा बरीच जास्त आली, तर बहुधा कापणी अर्धवट राहिली आहे. काही रेणूंमध्ये एखादी जागा कापलीच गेली नाही, तर दोन शेजारचे तुकडे जोडलेले राहतात आणि एक फिकट जादा बँड येतो. ४,८७८ आणि ५,६४३ लॅम्डावर शेजारी आहेत, म्हणून अर्धवट कापणीत साडेदहा किलोबेसचा बँड दिसू शकतो. जादा बँडचा आकार दोन नेहमीच्या बँडच्या बेरजेएवढा भरतो का, हे पाहावं. भरत असेल तर एन्झाइम आणखी वेळ ठेवून प्रयोग पुन्हा करावा आणि तो बँड नाहीसा होतो का ते पाहावं.

मात्र बेरीज जुळली म्हणून निर्धास्त व्हावं, असंही नाही. ती कशी फसवते ते सांगण्यासारखं आहे. लॅम्डा डीएनएच्या दोन्ही टोकांना बारा-बारा बेसची एकेरी शेपटी असते आणि त्या शेपट्या एकमेकींना पूरक असतात. कापलेला डीएनए थंड ठेवला की टोकाचे दोन तुकडे शेपट्यांनी एकमेकांना धरतात. हिंड थ्री मार्करमध्ये हे टोकाचे तुकडे म्हणजे २३,१३० आणि ४,३६१. ते चिकटले की २७.५ किलोबेसचा एक तुकडा होतो आणि वरच्या गर्दीत मिसळून जातो. ४,३६१ चा बँड तेवढा फिका पडतो, कधी कधी नजरेतून सुटतो. म्हणून मार्कर खाचेत भरण्याआधी ६५ अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवायचा असतो. ही पायरी गाळली गेली, असं समजा.

विद्यार्थी मार्करचे बँड वरून मोजत येतो: २३,१३०, मग ९,४१६, मग ६,५५७, आणि पुढचा दिसणारा बँड ५० मिलिमीटरवरचा. त्याला तो ४,३६१ म्हणतो आणि ५३ वरच्याला २,३२२. आता नमुन्यातला ४१.५ वरचा बँड ३० आणि ५० च्या मध्ये पडतो आणि ३.५ ऐवजी ५.२ किलोबेसचा निघतो. ४.९ चा होतो ५.९, ५.७ चा होतो ६.२. आता बेरीज करा: २२, ७.६, ६.२, ५.९, ५.२. उत्तर ४६.९. साडेअठ्ठेचाळीसच्या किती जवळ! योग्य मार्कर वापरल्यावर बेरीज कमी पडली होती आणि त्यातूनच जोडबँड सापडला होता. चुकीच्या मार्करने बेरीज जवळपास जुळली आणि जोडबँड झाकला गेला. पाच बँड, पाच तुकडे, सगळं आलबेल, आणि त्यांतले तीन आकार चुकीचे.

ही चूक पकडायची कशी? मार्करचा आलेख काढून. मार्करचे बिंदू एका गुळगुळीत वक्रावर बसले पाहिजेत, वरच्या टोकाला तीव्र उताराचे आणि खाली येता येता सरळ होत जाणारे. चुकीची नावं दिली की ६,५५७ पासून तथाकथित ४,३६१ पर्यंत वीस मिलिमीटर लागतात आणि तिथून तथाकथित २,३२२ पर्यंत फक्त तीन. रेघ आधी आडवी पडते आणि मग कड्यावरून कोसळते. असा आलेख खऱ्या जेलचा असूच शकत नाही. नमुन्याचा आकार काढण्याआधी मार्करचा आलेख पाहावा, असं मी आग्रहाने सांगते ते यासाठी. संगणकावरची सॉफ्टवेअर बँड आपोआप शोधतात आणि आकारही छापतात. पण बँडला नाव आपण दिलेलं असतं आणि चुकीच्या नावावरून ती तितक्याच आत्मविश्वासाने चार आकडे छापतात. मार्करचे बँड गणून ओळखू नयेत, ठेवणीवरून ओळखावेत. हिंड थ्री मार्करमध्ये २,३२२ आणि २,०२७ ची जवळजवळ बसलेली जोडी कुठेही ओळखू येते. तिथून वर मोजत जावं.

आणखी एका ठिकाणी हे सगळं गणित निरुपयोगी ठरतं. लॅडरचे तुकडे सरळ, दोन टोकं असलेले असतात. जिवाणूतून काढलेला न कापलेला प्लाझ्मिड वर्तुळाकार असतो, आणि पीळ घट्ट असेल तर आपल्या लांबीच्या सरळ तुकड्यापेक्षा सहसा पुढे पळतो. एका जागी तुटून सैल झालेलं वर्तुळ मागे राहतं. एकाच प्लाझ्मिडचे दोन-तीन बँड त्यामुळे दिसतात. त्यांना लॅडरवरून किलोबेसचे आकडे देणं म्हणजे आकार नव्हे, आकृती मोजणं झालं. अशा लेनचं वर्णन करावं, आकार काढू नये. आकार हवा असेल तर प्लाझ्मिड एकाच ठिकाणी कापणाऱ्या एन्झाइमने सरळ करून घ्यावा.

आता अहवालात हे कसं उतरावं? आकृतीखाली जेलची टक्केवारी, बफर, व्होल्टेज आणि वेळ, रंग, प्रत्येक लेनमध्ये काय आणि किती, आणि मार्करच्या बँडचे आकार कडेला लिहिलेले असावेत. लेनचे क्रमांक डावीकडून. फोटो उजळ-काळा करताना फिकट बँड पुसला जाणार नाही आणि उजळ बँड पांढराशुभ्र होऊन सपाट होणार नाही, हे पाहावं. तेजावरून निष्कर्ष काढायचा असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. मग मजकूर. मी तो साधारण असा लिहीन:

‘लेन १ मध्ये हिंड थ्री मार्करचे सात बँड दिसले, १२५ बेस पेअरचा बँड दिसला नाही. मार्करच्या सात बँडचा लॉग-आलेख गुळगुळीत आहे. लेन २ मध्ये पाच स्पष्ट, कडा रेखीव असलेले बँड दिसले. बँडमध्ये किंवा खाली धूसर पसारा नव्हता. मार्करवरून त्यांचे अंदाजे आकार २० किलोबेस किंवा अधिक, ७.६, ५.७, ४.९ आणि ३.५ किलोबेस. ५.७ चा बँड ७.६ च्या बँडपेक्षा जाड आणि उजळ होता.’

निरीक्षण इथे संपलं. पुढचा परिच्छेद चर्चेचा: बेरीज कमी पडते, तेज उलटं आहे, म्हणून ५.७ चा बँड जवळच्या लांबीच्या दोन तुकड्यांचा असावा. लांब जेलवर तपासावं. ‘असावा’ आणि ‘दिसला’ ही दोन क्रियापदं आपापल्या परिच्छेदात राहिली की वाचणारा उद्या तुमचा निष्कर्ष खोडू शकतो, तरीही तुमचं निरीक्षण त्याच्या उपयोगी पडतं. धूसर पसारा नव्हता, हे नकारार्थी वाक्यही गाळू नये. पसारा असता तर डीएनए मोडला असल्याची किंवा नमुना जास्त भरल्याची शंका आली असती. ती येत नाही, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

बँडचे आकार कळले तरी ते तुकडे लॅम्डावर कुठल्या क्रमाने होते हे या जेलवरून कळत नाही. पण दोन टोकं कुठली, एवढं मात्र काढता येतं. इको आर वनने कापलेल्या नमुन्याचे दोन भाग करावेत. एक ६५ अंशांवर तापवून बर्फात ठेवावा, दुसरा न तापवता तसाच भरावा, आणि दोन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवावेत. न तापवलेल्या लेनमध्ये ३.५ चा बँड फिका पडतो आणि सर्वांत वरचा बँड जरा वर सरकल्यासारखा किंवा दुहेरी दिसतो, कारण २१,२२६ आणि ३,५३० चे तुकडे शेपट्यांनी जोडले जाऊन २४.८ किलोबेसचे झालेले असतात. बाकीचे बँड दोन्ही लेनमध्ये सारखेच राहतात. म्हणजे लॅम्डाच्या एका टोकाला सर्वांत लांब तुकडा आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत आखूड.